विलीन झालेला फंड तक्त्यातून जातो कुठे?

काठावरचा_पोहणारा (धागाकर्ता)

बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून धागा काढतो.

आठ वर्षांपूर्वी एका फंडात एकरकमी पैसे टाकले आणि विसरून गेलो. पाच वर्षांनी फंड हाऊसचं पत्र आलं: तुमची योजना आमच्याच दुसऱ्या योजनेत विलीन होत आहे, काही करायची गरज नाही. मी खरंच काही केलं नाही. माझी १००० युनिट्स होती, त्यांची ४०० झाली. नव्या फंडाचं नाव जुन्यापेक्षा भारदस्त होतं, तेवढंच लक्षात राहिलं.

परवा तुलना करायला एका संकेतस्थळावरचा तक्ता उघडला. माझा सध्याचा फंड त्यात वरच्या पानावर आहे, दहा वर्षांचा परतावा वार्षिक १२ टक्के. मी खूश. मग स्वतःचा हिशोब काढला तर वार्षिक सात टक्केही भरेना. जुन्या फंडाचं नाव शोधलं, तर ते तक्त्यात नाहीच. खाली नाही, शेवटी नाही, 'बंद' असा शिक्काही नाही. जणू तो फंड कधी नव्हताच आणि मी पाच वर्षं हवेत पैसे ठेवले होते.

हिशोब चुकतोय की तक्ता?

---

चंद्रकोर७

१००० ची ४०० झाली आणि तुम्ही गप्प बसलात? अहो, ६०० युनिट्स गेली कुठे? आधी तक्रार करा, तक्ता नंतर बघा.

---

काठावरचा_पोहणारा

चंद्रकोर, माझ्याही पोटात तेव्हा गोळा आला होता, पण ते बरोबर आहे. जुन्या फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, त्या दिवशी १८ होती, नव्याची ४५. १००० गुणिले १८ आणि ४०० गुणिले ४५, दोन्ही १८,०००. युनिट्स कमी झाली, पैसे तेवढेच राहिले. माझा प्रश्न त्या अठरा हजारांचा नाही. त्याआधीची पाच वर्षं कुठे गेली, हा आहे.

---

बाणेदार

यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. रद्दी फंड गुपचूप चांगल्या फंडात बुडवायचे, म्हणजे हरलेले दिसतच नाहीत. त्यामुळे उरलेल्या प्रत्येक फंडाचा नंबर फुगतो. सगळा ठरवून केलेला घोटाळा आहे. फंड हाऊस आणि तक्तेवाले सामील असतात.

---

जुनी_खतावणी

बाणेदार, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं बऱ्याच वेळा बरोबर, तिसरं उलटं, आणि घोटाळ्याबद्दल मी तरी साक्ष देणार नाही. मी काही वर्षं फंडांची आकडेवारी गोळा करणाऱ्या एका कंपनीत काढली आहेत. असे तक्ते रोज बनवायचो. कोणी कोणाला डोळा मारत नव्हतं. जे व्हायचं ते इतकं साधं होतं की कोणाच्या लक्षातही यायचं नाही:

```
SELECT name, return_10y
FROM funds
WHERE status = 'active'
ORDER BY return_10y DESC;
```

तिसरी ओळ बघा. आज चालू असलेले फंड काढ, एवढंच ती सांगते. वाचकाला विकत घेता येतील असेच फंड दाखवायचे, म्हणून ती ओळ अगदी शहाणपणाची वाटते. पण शीर्षक असतं 'दहा वर्षांतील कामगिरी'. प्रश्न दहा वर्षांपूर्वीचा आणि यादी आजची, अशी ही गाठ आहे.

गंमत म्हणजे ती ओळ खोडली तरी फार फरक पडत नाही. सहा वर्षांपूर्वी विलीन झालेल्या फंडाला आजच्या तारखेचा दहा वर्षांचा परतावा नसतोच. त्याचा रकाना रिकामा राहतो, आणि सरासरी काढणारं सूत्र रिकामे रकाने मुकाट्याने सोडून देतं. म्हणजे मेलेला फंड दोनदा गाळला जातो, एकदा यादीतून आणि एकदा सरासरीतून. दुरुस्ती करायची तर आजच्या यादीला हात घालून उपयोग नाही. दहा वर्षांपूर्वीची यादी घेऊन तिथून पुढे चालत यावं लागतं.

धागाकर्ते, तुमचा हिशोब बरोबर असावा. जुन्या फंडाचा दर आठवतो का?

---

काठावरचा_पोहणारा

जुन्याने पाच वर्षं साधारण ४ टक्के दिले. नव्यात तीन वर्षं झाली, तिथे १२ च्या आसपास मिळाले.

---

जुनी_खतावणी

मग १०० चे पाच वर्षांनी झाले सुमारे १२२, आणि ते पुढच्या तीन वर्षांत १७१. आठ वर्षांचा वार्षिक दर ६.९ टक्के. तुमचा 'सातही भरेना' तंतोतंत जुळतो. तक्त्यातल्या १२ वर विश्वास ठेवला असता तर १०० चे २४८ व्हायला हवे होते. ते २४८ कोणाचे तरी झालेही असतील, पण ते आधीपासून त्या दुसऱ्या फंडात होते. विलीनीकरणानंतर तुम्ही त्यांच्या घरात राहायला गेलात. त्यांच्या घराचा इतिहास तुमचा होत नाही.

---

निवांत_नोंदी

म्हणजे दोन फंड एक होतात तेव्हा एकाचाच इतिहास राहतो? दोघांची सरासरी का नाही काढत? आणि कोणाचा ठेवायचा हे कोण ठरवतं?

---

जुनी_खतावणी

नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी दोन फंडांची आकारमानानुसार भारित सरासरी दाखवावी लागते. अमेरिकेत निराळं आहे. तिथे एका फंडाचा इतिहास पुढे नेतात, आणि कोणाचा न्यायचा हे ठरवताना नव्या फंडाचं व्यवस्थापन, उद्दिष्ट, खर्चाची रचना, आकार आणि पोर्टफोलिओ जुन्या दोघांपैकी कोणाशी अधिक जुळतो ते बघतात. कागदावर ही कसोटी रास्त आहे. पण कोणता फंड कोणात विलीन करायचा हा प्रस्ताव मुळात फंड हाऊसच मांडतं. वाईट इतिहासाचा फंड तगवून चांगल्या इतिहासाचा फंड पुसून टाकावा, असा प्रस्ताव माझ्या टेबलावर क्वचितच आला. त्यासाठी खलनायक लागत नाही. घर आवरताना फुटका कप कोणी पुढे मांडून ठेवत नाही, एवढंच.

---

बाणेदार

ठीक, घोटाळा शब्द मागे घेतो. पण 'नंबर फुगतो' हे उलटं कसं? खालचे काढले की उरलेले वरच दिसणार ना?

---

गणितवेडी

हे मी घेते, कारण इथे माझाही एकदा घोटाळा झाला होता.

समजा एका प्रकारचे दहा फंड दहा वर्षांपूर्वी सुरू होते. सात अजून आहेत, त्यांचे वार्षिक दर १४, १२, ११, १०, ९, ८ आणि ६. बेरीज ७०, सरासरी बरोबर १०. बाजाराची सरासरी चाल दाखवणाऱ्या इंडेक्सने ९.५ दिले. आजचा तक्ता म्हणतो: सरासरी फंडाने इंडेक्सला मागे टाकलं, आणि सातपैकी चार फंड, म्हणजे ५७ टक्के, इंडेक्सच्या पुढे. छान जाहिरात.

आता गेलेले तीन. एक ३ टक्क्यांनी चालत होता, चार वर्षांनी गेला. दुसरा ४ टक्क्यांचा, सहा वर्षांनी गेला. तिसरा ५ चा, सात वर्षांनी. सोपं जावं म्हणून प्रत्येकाचा दर दरवर्षी तोच धरला आहे. आता त्या त्या वर्षी जे जिवंत होते त्यांची सरासरी काढू. पहिली चार वर्षं दहा फंड: ८.२. पुढची दोन वर्षं नऊ फंड: सुमारे ८.८. सातव्या वर्षी आठ फंड: सुमारे ९.४. शेवटची तीन वर्षं सात फंड: १०. दहा वर्षांची सरासरी येते ९ ला जरा कमी. इंडेक्स ९.५. निकाल उलटला. आणि इंडेक्सच्या पुढे गेलेले सातपैकी चार नव्हते, सुरुवातीच्या दहापैकी चार होते, म्हणजे ४० टक्के.

आता बाणेदारांचा मुद्दा. १० टक्के देणारा फंड बघा. आजच्या तक्त्यात तो सातात चौथा, म्हणजे अगदी मधला. लोक त्याला 'ठीकठाक' म्हणून सोडून देतील. खरं तर तो दहात चौथा होता, म्हणजे वरच्या अर्ध्यात. खालचे धावपटू मैदानातून उचलले की चौथा चौथाच राहतो, पण त्याच्या मागे सहाऐवजी तीनच उरतात. म्हणून सरासरी फुगते, 'इंडेक्सला किती जणांनी हरवलं' हा आकडा फुगतो, आणि एकेका फंडाचं सापेक्ष स्थान मात्र खाली येतं. एकाच चुकीची ही दोन उलटी टोकं.

---

बाणेदार

हम्म. चौथा चौथाच राहतो. हे डोक्यात शिरायला दोनदा वाचावं लागलं. मान्य.

---

पिंपळपान_

वाखूसा. तर मग सध्या कोणता फंड घ्यावा? दहा वर्षांसाठी बघतोय. गणितवेडी, तुमच्या यादीतला १४ टक्क्यांचा कोणता?

---

गणितवेडी

पिंपळपान, तो फक्त माझ्या वहीत आहे. :)

---

सावध_ऐका

एक शंका. इंडेक्ससुद्धा हेच करतो ना? कंपनी घसरली की बाहेर काढतो आणि चढती आत घेतो. मग इंडेक्सचे ९.५ पण फुगलेले. दोन्ही फुगे सारखे असतील तर तुलना ठीकच आहे.

---

जुनी_खतावणी

हा प्रश्न नेहमी येतो आणि दिसतो तितका कच्चा नाही. फरक तारखेचा आहे. इंडेक्स एखादी कंपनी आज बाहेर काढतो, तेव्हा ती कालपर्यंत घसरत असताना इंडेक्समध्येच होती. ती घसरण इंडेक्सच्या आकड्यात जमा झालेली आहे. कंपनी जाते, पण तिने दिलेला तोटा इंडेक्सच्या इतिहासात राहतो. फंडांच्या तक्त्यात फंड जातो तेव्हा त्याचा तोटाही सोबत नेतो. आजच्या कंपन्यांची यादी घेऊन कोणी त्यांचाच दहा वर्षांमागचा परतावा काढला, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू. घरगुती बॅकटेस्ट करणारे ही चूक सर्रास करतात.

अवांतर: इंडेक्सवर चालणारे फंडही बंद होतात, ईटीएफ तर बरेच. तेही तक्त्यातून असेच जातात. पण एकाच इंडेक्समागे धावणारे फंड एकमेकांपासून फार लांब नसतात, म्हणून त्यांच्या सरासरीला धक्का कमी बसतो.

---

सावध_ऐका

पटलं. पण प्रत्यक्षात हा फरक केवढा असतो? वहीतलं उदाहरण हवं तसं रचता येतं.

---

जुनी_खतावणी

रास्त टोमणा. अमेरिकेतल्या फंडांवर यावर भरपूर काम झालंय. बर्टन मॅल्कील यांनी १९९५ मध्ये दाखवलं की गेलेले फंड धरले तर सरासरी चांगलीच खाली येते. १९९६ मध्ये एल्टन, ग्रुबर आणि ब्लेक यांनी १९७६ च्या अखेरीस अस्तित्वात असलेले फंड घेतले आणि प्रत्येकाचा माग काढला. विलीन झाला असेल तर पैसे जिथे गेले तिथपर्यंत गेले. त्याच सुमारास मार्क कारहार्ट यांनी शिकागोत पीएचडी करताना मेलेल्या फंडांसकट सगळी आकडेवारी एकत्र केली. तो साठा आजही संशोधक वापरतात.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो कारहार्ट आणि सहकाऱ्यांचा २००२ चा निष्कर्ष. एका वर्षाच्या नमुन्यात हा फुगवटा वर्षाला ०.०७ टक्के, म्हणजे नगण्य. पंधरा वर्षांहून लांब नमुन्यात तो वर्षाला सुमारे १ टक्का. कारण साधं आहे. फंड एका वाईट वर्षाने मरत नाही. दोन-चार वर्षं रेंगाळतो, पैसे निघून जातात, मग फंड हाऊसला तो चालवणं परवडेनासं होतं. तक्ता जितका लांब, तितकी अशी रेंगाळलेली मढी त्यात जास्त. आपण मात्र 'दीर्घकालीन' म्हणून दहा आणि पंधरा वर्षांच्या रकान्यावरच जास्त विसंबतो.

किती फंड इंडेक्सच्या मागे पडले हे मोजणारा एस अँड पी चा 'स्पिव्हा' अहवाल बघितलात तर त्यात भागाकार सुरुवातीच्या संख्येने केलेला असतो. गणितवेडींच्या दहापैकी चारसारखा.

---

निवांत_नोंदी

मग सातत्याचं काय? मागची तीन वर्षं पुढे असलेला फंड पुढची तीन वर्षंही पुढे राहतो, असं दाखवणारे तक्ते असतात. तेही यामुळे खोटे का? मी वाचलं होतं की हरलेले गाळल्यामुळेच सातत्य दिसतं.

---

गणितवेडी

तसा युक्तिवाद आहे. ब्राऊन, गोएट्झमन, इबॉटसन आणि रॉस, १९९२. समजा काही फंड मोठी जोखीम घेतात. त्यांच्यातले आपटलेले गाळले गेले, तर उरलेले जोखीमवाले पहिल्या काळातही वर दिसतात आणि दुसऱ्याही. नाणी उडवली तरी सातत्य दिसेल.

---

जुनी_खतावणी

आणि कारहार्ट मंडळी म्हणतात की फंड अनेक वर्षांच्या एकत्रित कामगिरीवर मरत असेल, तर परिणाम उलटा होतो आणि सातत्य आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पहिल्या काळात आपटलेला आणि तरीही तगलेला फंड तगला, कारण दुसऱ्या काळात त्याने उचल खाल्ली. आपटून पुन्हा आपटलेला यादीत नाहीच. म्हणजे 'हरणारे पुन्हा हरले' हा अर्धा पुरावाच गायब.

---

गणितवेडी

हो, पण जोखमीतला फरक आणि मरण्याचा नियम दोन्ही एकाच वेळी असतात. एखाद्या दिलेल्या तक्त्यात कोण जिंकतं हे कागदावर बसून सांगता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी आकडे खेळवून बघितलेत, हवं ते उत्तर काढता येतं.

---

जुनी_खतावणी

यावर आपण दोघी अजून एक धागा भरू. इथे सोडते.

---

काठावरचा_पोहणारा

सगळ्यांचे आभार. एक उद्योग करून बघितला. एका गुंतवणूक मासिकाचा दहा वर्षांपूर्वीचा अंक घरात होता. त्यात माझ्या जुन्या फंडाच्या प्रकारातले ३४ फंड क्रमाने दिलेत. एकेक नाव आजच्या तक्त्यात शोधलं. पहिल्या फेरीत १९ नावं सापडली नाहीत. छातीत धस्स झालं.

---

जुनी_खतावणी

थांबा, १९ धरू नका. काहींचं फक्त नाव बदललं असेल. नावाने शोधू नका, आयएसआयएन या ओळख क्रमांकाने शोधा. नाव बदललं तरी तो सहसा तोच राहतो. विलीन झाला की गेलेल्याचा क्रमांक बंद होतो आणि घेणाऱ्याचा चालू राहतो. अंकात क्रमांक नसेल तर फंड हाऊसच्या त्या काळच्या कागदपत्रांत मिळतो का बघा. विलीनीकरणाची सूचनाही बहुतेक वेळा सापडते, तिच्यावर तारीख आणि कोणात विलीन झाला ते असतं. ती तारीख महत्त्वाची, कारण तिथपर्यंतचा परतावा जुन्या फंडाचा आणि तिथून पुढचा घेणाऱ्याचा.

---

काठावरचा_पोहणारा

दोन संध्याकाळी गेल्या. १९ पैकी ६ फक्त नाव बदललेले निघाले. ९ विलीन. ४ चा काहीच पत्ता नाही.

त्या सहांतही दोन असे आहेत की नाव बदलताना उद्दिष्टच बदललंय. आधी मोठ्या कंपन्यांत गुंतवायचे, आता छोट्या. क्रमांक तोच, फंड भलताच. यांना जिवंत म्हणायचं की मेलेलं?

---

बाणेदार

मेलेले. आत्मा बदलला.

---

सावध_ऐका

जिवंत. ज्याने पैसे ठेवले त्याचे पैसे त्याच पिशवीत आहेत, परतावा अखंड मोजता येतो.

---

जुनी_खतावणी

गुंतवणूकदाराला काय मिळालं हे मोजायचं असेल तर सावध_ऐका बरोबर. त्या प्रकारातले व्यवस्थापक कसे होते हे मोजायचं असेल तर बाणेदार. आमच्याकडे यावर वाद व्हायचे आणि ज्या आठवड्यात जो टेबलावर असेल त्याच्या मताने काम चालायचं.

ते ९ जुन्या क्रमवारीत कुठे होते?

---

काठावरचा_पोहणारा

सहा खालच्या अर्ध्यात, त्यात माझाही, ३४ पैकी २९ वा. दोन साधारण मधले. आणि एक चक्क तिसरा! मला वाटलं अंक चुकीचा वाचतोय.

---

जुनी_खतावणी

त्या तिसऱ्याच्या फंड हाऊसची मालकी बदलली का बघा. एक फंड हाऊस दुसऱ्याला विकत घेतं, तेव्हा दोघांकडे एकाच प्रकारचे फंड असतात आणि एक जावा लागतो. असे बळी कामगिरीमुळे जात नाहीत. म्हणून गेलेला प्रत्येक फंड वाईट होता असं धरलंत तर तुमची दुरुस्ती दुसऱ्या बाजूला घसरेल. त्याचे चांगले आकडेही परत यादीत घ्यायचे.

---

काठावरचा_पोहणारा

बघितलं. विकलं गेलं होतं, अंकाच्या तारखेनंतर अडीच वर्षांनी. आणि विलीन झाला तो ज्या फंडात, तो त्याच अंकात अकरावा आहे.

---

चंद्रकोर७

म्हणजे तिसऱ्याचा इतिहास पुसला आणि अकराव्याचा ठेवला? मग खतावणीताईंचा फुटका कप कुठे गेला?

---

जुनी_खतावणी

विकत घेणाऱ्याच्या घरात गेला. तिथे नेहमी घरमालकाचेच कप पुढे असतात.

काठावरचे, त्या हरवलेल्या चारांची नावं टाका इथे. एखादं मला आठवत असेल.

---

काठावरचा_पोहणारा

अंक शोधून टाकतो. काल आवरताना कोणीतरी तो रद्दीत ठेवलाय.